पाय सुजला, डी-डायमर वाढला: एका आजीचे दोन अहवाल

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावातली ही गोष्ट. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत. मी जवळच्या बाजारपेठेच्या गावात फिजिशियन म्हणून छोटे रुग्णालय चालवतो.

जुलैचा मध्य, लावणीचे दिवस. ७१ वर्षांच्या आजी आठवडाभर रोज पाच-सहा तास गुडघाभर चिखलात उभ्या राहून तरवा लावत होत्या. मधुमेह नाही, रक्तदाबाची एक गोळी चालू. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र वर्षभर अधूनमधून सुरू असायच्या. एके रात्री त्यांना हुडहुडी भरून ताप आला. सकाळी पाहिले तर डावा पाय घोट्यापासून वर लाल आणि सुजलेला. दोन दिवस घरीच काढे आणि शेक झाले. तिसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तापाच्या तपासण्या पाठवल्या.

अडचण इथून सुरू झाली. रक्त गोळा करणाऱ्या केंद्राच्या ‘ताप पॅकेज’मध्ये डी-डायमर आपोआप होता. कोविडच्या काळात ही तपासणी घराघरात पोचली आणि पॅकेजमध्ये चिकटून राहिली. डॉक्टरांनी ती वेगळी मागवलेली नव्हती. संध्याकाळी पीडीएफ मुंबईच्या मुलाच्या मोबाइलवर आधी गेली, डॉक्टरांकडे नंतर. त्यात डी-डायमर १.८४, मर्यादा ०.५० पेक्षा कमी, आणि आकडा ठळक लाल अक्षरांत. मुलाने शोधून पाहिले आणि त्याला एकच शब्द दिसला: गुठळी. सुजलेला पाय आणि गुठळीचा आकडा, त्याला आणखी काय हवे!

गावच्या डॉक्टरांचा मला फोन आला. “सर, हेपॅरिनचं इंजेक्शन देऊन पाठवू का, की तसंच पाठवू?”

हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ करणारे औषध. मी म्हटले, “काही देऊ नका, आधी पाठवा.”

अडचण नेमकी काय होती

आजी आल्या तेव्हा रिक्षातून उतरून स्वतः चालत आत आल्या. “माका काय झाला नाय ओ, पाय वायच सुजलो हा,” हे त्यांचे पहिले वाक्य. ताप १०१.८, नाडी १०४, रक्तदाब १३०/८०, ऑक्सिजन ९७ टक्के. धाप नाही, छातीत दुखणे नाही.

पाय नीट पाहिला. घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत कातडी लाल, तकतकीत आणि हाताला गरम; लालीची वरची कड बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट. दुखणे कातडीला हात लावताच, खोल दाबल्यावर नव्हे. जांघेत दुखरी गाठ, म्हणजे अवधाण आलेले. मग पायाची बोटे फाकवून पाहिली. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधे कातडी पांढरी, भिजलेली, एक बारीक चीर. चिखल्या. पावसात कोकणातल्या अर्ध्या गावाला असतात त्याच. जंतू आत कुठून शिरले ते समोर होते.

रक्तात पांढऱ्या पेशी १५,८००. हिमोग्लोबिन ९.६. प्लेटलेट १ लाख १८ हजार, म्हणजे थोड्या कमी. पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट एकत्र दिसले की इथे लेप्टो आणि डेंगी मनात येतातच. चिखलात काम केलेल्या बाईत तर लेप्टो आधी.

निदान माझ्यापुरते झाले होते: कातडीखालचा जंतुसंसर्ग, सेल्युलायटिस. पण एक सुजलेला पाय हे पायाच्या खोल शिरेत गुठळी झाल्याचेही लक्षण असते, आणि दोन्ही आजार एकमेकांची सोंगे घेतात. शिवाय कागदावर १.८४ हा आकडा होता. प्रश्न असा की त्या आकड्याने माझे मत किती हलायला हवे?

डी-डायमर म्हणजे काय सापडते

हे मी त्या संध्याकाळी आजींच्या भावाला समजावले. ते रापणीच्या संघात आयुष्य घालवलेले, जाळी तुणण्यात हात बसलेला. त्यामुळे सोपे गेले.

रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन सुटे फिरत असते, गुंडाळीतल्या दोऱ्यासारखे. कुठे इजा झाली, सूज आली, की थ्रॉम्बिन तयार होते. ते या प्रथिनाची टोके कापते आणि धागे एकमेकांना लागून त्याचे फायब्रिन बनते. मग तेरावा घटक येऊन शेजारशेजारच्या धाग्यांची टोके घट्ट बांधतो. ही झाली जाळ्याची गाठ. काम झाले की प्लाझमिन हे विकर त्या जाळ्याचे तुकडे करते आणि तुकडे रक्तात वाहू लागतात. या सगळ्या तुकड्यांना मिळून फायब्रिनचे विघटित अंश म्हणतात. अहवालात ते ‘एफडीपी’ म्हणून येतात. त्यातला एक खास तुकडा, ज्यात दोन ‘डी’ टोके अजून गाठीने बांधलेली असतात, तो डी-डायमर.

फरक इथे आहे. किनाऱ्यावर नुसता दोऱ्याचा तुकडा सापडला तर तो न विणलेल्या गुंडाळीचाही असू शकतो. प्लाझमिन सुट्या फायब्रिनोजेनलाही कापते आणि ते तुकडेही एफडीपीत मोजले जातात. पण गाठ असलेला तुकडा सापडला, तर कुठेतरी जाळे विणले गेले, बांधले गेले आणि मग फाटले, हे तिन्ही झालेच असले पाहिजे. म्हणून डी-डायमर एफडीपीपेक्षा जास्त सांगतो.

भाऊंनी मान हलवली. “म्हणजे जाळा विणलेला होता ह्या नक्की. खंयचा ता कळाचा नाय.”

याहून नेमके मला सांगता आले नसते. पोटरीच्या शिरेतले फायब्रिन, निमोनिया झालेल्या फुप्फुसातले, शस्त्रक्रियेच्या जखमेतले, कर्करोगाच्या गाठीभोवतीचे, गरोदर बाईच्या वारेतले आणि आजींच्या लाल पोटरीत सुजेबरोबर साठलेले, सगळ्यांचे तुकडे सारखेच. जंतुसंसर्गात दाहाच्या पेशी रक्त गोठायला सुरुवात करून देणारा टिश्यू फॅक्टर बाहेर काढतात, त्यातून थ्रॉम्बिन आणि फायब्रिन बनत राहते. तुकडे रक्तातून साफही होत असतात. सुमारे आठ तासांत निम्मे होतात. म्हणजे आकडा दिवसेंदिवस वर राहिला तर एवढेच कळते की कुठेतरी फायब्रिन बनणे आणि तुटणे अजून चालू आहे. सेल्युलायटिसमध्ये ते आठवडाभर चालू राहणे अगदी स्वाभाविक.

याचे टोकाचे उदाहरण आम्हाला कातळावरच्या गावांतून मिळते. फुरसे चावलेल्या माणसाचा डी-डायमर यंत्राच्या मोजमापाबाहेर जातो. फुरशाच्या विषातले एक द्रव्य थ्रॉम्बिनच्या निद्रिस्त रूपाला, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनला, थेट चालू करते, रक्तभर कच्चे फायब्रिन बनते, तुटते, आणि फायब्रिनोजेन संपून जाते. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवले तरी गोठत नाही. डी-डायमर प्रचंड, आणि माणूस हिरड्यांतून रक्त गाळतोय. तिथे आकडा बघून कोणी हेपॅरिन दिले तर? त्याला हवे असते सर्पविषविरोधी औषध.

आकड्याने किती सांगितले

आता तपासणी कामाची कधी, हे. खोल शिरेत गुठळी असेल तर फायब्रिन बनते आणि थोडे तुटतेच, त्यामुळे चांगल्या पद्धतीने मोजलेला डी-डायमर बहुतेक सगळ्या रुग्णांत वाढलेला सापडतो. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक. म्हणून तो कमी आला आणि गुठळीची शंका आधीच कमी असेल, तर सोनोग्राफी न करता रुग्णाला घरी पाठवता येते. या तपासणीचा खरा उपयोग हा: नाही म्हणायला. गुठळी जुनी असेल, लक्षणे सुरू होऊन दोन आठवडे उलटले असतील किंवा रक्त पातळ करणारे औषध आधीच सुरू असेल, तर मात्र त्या ‘नाही’वरही विसंबता येत नाही. गावच्या डॉक्टरांना इंजेक्शन देऊ नका म्हणण्यामागे हेही एक कारण होते. काही जुन्या प्रयोगशाळांत काचपट्टीवर लॅटेक्सचे थेंब मिसळून एफडीपी बघतात. ती पद्धत इतकी बारीक नाही. तिचा ‘निगेटिव्ह’ गुठळी नाकारायला वापरू नये.

‘हो’ म्हणायला मात्र हा आकडा दुबळा. कसा, ते आजींवरच मांडून बघू.

वेल्सची गुणपद्धत खोल शिरेतल्या गुठळीसाठी वापरतात. दोन्ही पोटऱ्यांचा घेर, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली मोजला: डावी ३६, उजवी ३४.५. तीन सेंटीमीटरहून जास्त फरक असता तर एक गुण. दीडला काही नाही. फक्त आजारी पायावर बोट दाबल्यावर खळगा राहत होता: एक गुण. कर्करोग, प्लास्टर, अलीकडची शस्त्रक्रिया, आधीची गुठळी, मांडीपर्यंत सगळा पाय सुजणे, खोल शिरेच्या रेषेत दुखणे, यांतले काही नाही. दुसरे निदान किमान तितकेच संभाव्य असेल तर दोन गुण वजा. बेरीज उणे एक. म्हणजे शंका अगदी कमी.

समजा, आजींसारख्याच शंभर बायका माझ्यासमोर बसल्या आहेत आणि त्यांतल्या तिघींना खरोखर गुठळी आहे. डी-डायमर त्या तिघींत वाढलेला सापडेल असे धरू. उरल्या ९७. सत्तरी ओलांडलेल्या, ताप आणि दाह असलेल्या या बायकांत तो सहज चारपैकी तिघींत वाढलेला असेल, म्हणजे साधारण ७३ जणींत. एकूण ७६ जणींचा अहवाल लाल अक्षरात आला आणि त्यांत गुठळीवाल्या तीनच. आधी शंका शंभरात तीन होती, अहवालानंतर चार झाली. मुलाची झोप ज्या आकड्याने उडाली त्याने माझे मत एका टक्क्याने हलायला हवे होते.

हेच गणित तिशीतल्या, ताप नसलेल्या, पोटरी दुखते म्हणून आलेल्या मुलीचे केले तर चित्र वेगळे येते. तिच्या वयाच्या निरोगी बायकांपैकी बहुतेकांचा डी-डायमर कमी असतो, त्यामुळे तो वाढलेला आला तर दखल घ्यावी लागते आणि कमी आला तर काम तिथेच संपते.

वय वाढेल तसा निरोगी माणसाचाही डी-डायमर चढत जातो. म्हणून पन्नाशीनंतर मर्यादा ५०० नॅनोग्रॅम, म्हणजे अहवालातले ०.५० मायक्रोग्रॅम, न धरता वय गुणिले दहा धरण्याची पद्धत आहे; ती मुख्यतः फुप्फुसातल्या गुठळीच्या शंकेसाठी पारखली गेली. आजींसाठी ती ७१० होते. त्यांचा आकडा त्याच मापात १८४०. तेव्हा वयाच्या सवलतीनेही सुटका नव्हती.

पुढे काय करता आले असते

पहिला पर्याय, उपचाराच्या मात्रेत हेपॅरिन सुरू करायचे आणि डॉप्लरसाठी, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीसाठी, कोल्हापूरला किंवा गोव्याला पाठवायचे. मुलाला हेच हवे होते. “डॉक्टर, गाडी सांगून ठेवलीय, आता निघाले तर रात्री पोचतील,” असे तो दोनदा म्हणाला. दुसरा, डी-डायमर कचऱ्यात टाकायचा, प्रतिजैविक द्यायचे आणि पाय बघत राहायचे. तिसरा, प्रतिजैविक लगेच सुरू करून तालुक्याच्या गावी डॉप्लर करून घ्यायचे, पण ते सकाळी. कारण रेडिओलॉजिस्ट त्या दिवशी दुपारीच निघून गेले होते.

दुसरा पर्याय मला मनातून पटत होता. पण नियम असा की शंका कमी असली तरी डी-डायमर वाढलेला आला तर शिरांची सोनोग्राफी करायची. ही तपासणी मुळात करायलाच नको होती असे म्हणणे सोपे, पण झालेली तपासणी न झाल्यासारखी करता येत नाही. शंभरात तीन-चार ही शंका शून्य नाही.

चौथाही एक पर्याय असतो: स्वतःच जांघेत आणि गुडघ्यामागे सोनोग्राफीचा प्रोब दाबून शीर चपटी होते का ते बघायचे. चपटी झाली नाही तर आत गुठळी. हे शिकायला कठीण नाही. पण गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणीशिवाय आणि पात्र डॉक्टराशिवाय ठेवता येत नाही, आणि माझ्याकडे ते नव्हते.

खरा अवघड निर्णय रात्रीचा होता. सोनोग्राफी लगेच होणार नसेल तर तोवर गुठळीवरचे इंजेक्शन द्यावे, अशी मार्गदर्शक तत्त्वांची सर्वसाधारण दिशा आहे. मी ते दिले नाही. गुण उणे एक. हिमोग्लोबिन ९.६, वर्षभर पोटात गेलेल्या वेदनाशामक गोळ्या, म्हणजे जठरात व्रण असण्याची शक्यता. प्लेटलेट कमी आणि लेप्टोचा निकाल यायचा होता. लेप्टोत फुप्फुसातून रक्तस्राव होऊ शकतो. त्या एका रात्री न निदान झालेल्या गुठळीचा धोका आणि इंजेक्शनाने रक्तस्रावाचा धोका समोरासमोर ठेवले तेव्हा मला दुसरा मोठा वाटला. गुण दोन किंवा वर असते, किंवा डॉप्लर तीन दिवसांनी होणार असते, तर मी पहिले इंजेक्शन दिले असते. हा निर्णय पुस्तकाच्या काठावरचा होता, हे मला तेव्हाही माहीत होते.

काय केले

आजींना दाखल करून घेतले. शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन सुरू केले. ते कातडीच्या संसर्गालाही चालते आणि लेप्टोलाही. पाय उशीवर उंच. लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि शेजारी वेळ लिहिली: संध्याकाळी ७.१०. बोटांच्या बेचक्यात बुरशीचे मलम. वेदनाशामक गोळ्या बंद, तापाला पॅरासिटामॉल.

मुलाला फोनवर पंधरा मिनिटे दिली. जाळ्याची उपमा त्यालाही सांगितली, पण मुंबईत वाढलेल्या माणसाला ती भाऊंइतकी पोचली नाही. शेवटी त्याने विचारले, “म्हणजे तुम्ही खात्री देताय का?” मी म्हटले, “खात्री उद्या डॉप्लर देईल. आज रात्री मी इथेच आहे.”

सकाळी लाली रेघेच्या पलीकडे गेली नव्हती, एका बाजूला बोटभर मागे सरली होती. ताप ९९.६. दहा वाजता डॉप्लर झाले. जांघेपासून घोट्यापर्यंत सगळ्या खोल शिरा प्रोबखाली पूर्ण दबत होत्या. गुठळी नाही, जांघेत दाहाने सुजलेल्या लसिकागाठी, कातडीखाली पाणी. लेप्टोची तपासणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट तिसऱ्या दिवशी १ लाख ६० हजार. तीन दिवसांनी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर आजी घरी गेल्या.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तो जरा लवकर टाकला.

दुसरा आकडा

घरी गेल्यानंतर चौथ्या रात्री, अकराच्या सुमारास, मुलाचा फोन. “डॉक्टर, १.८४ होतं ते ७८० झालंय. चारशे पट! गाडी दारात उभी आहे.”

त्याने गुठळी ‘विरघळतेय का’ बघायला तालुक्यातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत डी-डायमर परत करून घेतला होता. कोणी सांगितले नव्हते. पण करू नका असेही कोणी सांगितले नव्हते, म्हणजे मीच नव्हते.

मी आधी पाय आणि श्वास विचारला. धाप? नाही. छातीत कळ? नाही. खोकल्यात रक्त? नाही. दुसरा पाय? ठीक. आजी आत्ता काय करतायत? मागे कोणीतरी हसले. त्या शेजारणीशी गजालीत रंगल्या होत्या आणि गाडी कशाला आली ते त्यांना ठाऊक नव्हते.

मग म्हटले, अहवालाचा फोटो पाठवा, पूर्ण पान. मर्यादेच्या रकान्यात लिहिले होते: २५० पेक्षा कमी. पहिल्या अहवालात होते ०.५० पेक्षा कमी. उलगडा तिथेच झाला.

डी-डायमर मोजायची दोन मापे आहेत आणि दोन्ही सर्रास वापरात आहेत. एकात तुकडा ज्या मूळ फायब्रिनोजेनपासून आला त्याच्या वजनाच्या हिशेबात आकडा देतात, ते एफईयू. दुसऱ्यात फक्त डी-डायमरच्या तुकड्याचे वजन, ते डीडीयू. पहिले दुसऱ्याच्या साधारण दुप्पट भरते. त्यावर वजनाचे एकक वेगळे: मायक्रोग्रॅम की नॅनोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम.

पहिला अहवाल: १.८४ मायक्रोग्रॅम प्रति मिली, एफईयू. म्हणजे १८४० नॅनोग्रॅम. दुसरा: ७८० नॅनोग्रॅम प्रति मिली, डीडीयू. एफईयूत बदलला तर सुमारे १५६०. चारशे पट वाढ तर सोडाच, आकडा थोडा उतरलेला दिसतो. तो खरोखर उतरला असेही मी ठामपणे म्हणणार नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची अभिकर्मके वेगवेगळी प्रतिपिंडे वापरतात, त्यामुळे एकाच नळीतले रक्त दोन यंत्रांवर वेगळे आकडे देते, आणि दोनने गुणून ते भांडण मिटत नाही. फार तर म्हणता येईल की पहिला आकडा आपल्या मर्यादेच्या पावणेचार पट होता, दुसरा तीन पटीहून थोडा जास्त. आठवडाभर पाय सुजलेल्या ७१ वर्षांच्या बाईत दोन्हींचा अर्थ एकच: दाह अजून पुरता गेलेला नाही.

दुसऱ्या अहवालात डीडीयू ही अक्षरे होती, पण पानाच्या तळाशी, पद्धतीच्या टिपेत. मी प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला सकाळी फोन करून खात्री केली. गाडीवाल्याला मात्र रात्रीच परत पाठवले. त्याने अर्धे भाडे घेतलेच.

कोणते निर्णय वेगळे घेता आले असते

सगळ्यात वरचा मुद्दा क्रमाचा. गुण आधी मोजायचे, मग तपासणी करायची की नाही ते ठरवायचे. इथे तपासणी आधी आली, रुग्ण नंतर. गावच्या डॉक्टरांनी पाय पाहून गुण मांडले असते तरी उणे एकच आले असते, आणि ताप व लाली इतकी उघड असताना डी-डायमर वाढलेला येणार हे रक्त न काढताही सांगता आले असते. ज्या तपासणीचे उत्तर आधीच माहीत आहे ती करून हातात काय पडते? त्या महिन्यात मी केंद्राच्या माणसाला बोलावून तापाच्या पॅकेजमधून ती काढायला सांगितली. तो म्हणाला, पॅकेज मुंबईत ठरते. माझ्याकडून येणाऱ्या कागदावर मी आता तपासण्या एकेक करून लिहितो, पॅकेजचे नाव लिहीत नाही.

हेपॅरिन न देण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. पण त्या रात्री मी कारणे केसपेपरवर लिहिली नव्हती; दुसऱ्या दिवशी डॉप्लर चांगले आल्यावर लिहिली. हे चूकच. डॉप्लरमध्ये गुठळी निघाली असती तर नंतर लिहिलेल्या कारणांना कोणी विचारले नसते.

डॉप्लर करायला हवे होते का, यावर माझे आणि माझ्या एका सहकाऱ्याचे अजून एकमत नाही. तो म्हणतो, लालीची कड, अवधाण आणि चिखल्या दिसल्यावर सोनोग्राफी म्हणजे लाल आकड्यापुढे शरणागती. मी म्हणतो, आकडा कागदावर आला की नियम पाळणे स्वस्त पडते. चौथ्या रात्री फोन आला तेव्हा स्वच्छ डॉप्लर हातात होते म्हणून मी गाडी परत पाठवू शकलो, हेही खरे.

आणि घरी सोडताना मी दोन वाक्ये लिहायला हवी होती: ही तपासणी परत करू नये, केलीच तर आकडा आधीच्या आकड्याशी ताडू नये. गुठळी नव्हतीच, मग उतरणे-चढणे बघायचे कशाचे? मुलाचा हेतू चांगला होता. त्याला कोणी सांगितले नाही, म्हणून त्याने आपल्या परीने जे कळले ते केले. आता डिस्चार्जच्या कागदावर हे मी हाताने लिहितो. छापलेले कोणी वाचत नाही.

नंतर

तीन आठवड्यांनी आजी दाखवायला आल्या. पोटरीवर कातडीचा किंचित तपकिरी पट्टा राहिला होता, सूज संध्याकाळपुरती. मुलगा गणपतीच्या रजेची चौकशी करत होता. त्याने डी-डायमरचे नाव काढले नाही, पण बोटांमधली बेचकी दाखवून विचारले, “हे परत होणार का?” मी सांगितले, चिखल्या राहिल्या तर पुढच्या पावसात होईल. मलम महिनाभर, आणि शेतातून आल्यावर बोटांच्या मधे कोरड्या फडक्याने पुसायचे.

आजी उठताना म्हणाल्या, “लावणी संपली. आता पाय आपणच सुकतले.”